जखम पेटवणारी आणि जखम भरणारी पेशी एकच असते

नौपाड्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, नव्या सँडलमुळे फोड आला. ते रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. बारा वर्षांच्या मधुमेहामुळे तळव्याची संवेदना बरीच गेलेली असल्याने फोड फुटला तरी त्यांना दुखले नाही आणि फेऱ्या चालूच राहिल्या. मोज्यावर डाग दिसला तेव्हा कुठे काकूंच्या लक्षात आले. त्यानंतर साखर आटोक्यात आणली गेली, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, रोज ड्रेसिंग होऊ लागले, तरीही जखम महिनाभर जशीच्या तशी राहिली. एके दिवशी काकूंनी मला जिन्यातच थांबवले आणि विचारले, "तू पांढऱ्या पेशींवर काम करायचीस ना? मग सांग मला, साखर उतरली, पू थांबला, तरी हे भरत का नाही?"

मी नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे नेमक्या याच पेशींवर काम केले आहे. काकूंना जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेल्या पेशीचे नाव आहे मॅक्रोफेज, म्हणजे शब्दशः मोठी भक्षक पेशी. जखमेत दिसणाऱ्या बहुतेक मॅक्रोफेज तेथे आधीपासून नसतात. त्या रक्तात मोनोसाइट या रूपात फिरत असतात आणि इजा झालेल्या जागेतून निघणाऱ्या रसायनांच्या मागावर रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून ऊतीत शिरतात. तेथे शिरताना त्यांचे काम पक्के ठरलेले नसते. आजूबाजूला जे संकेत मिळतील त्यांनुसार त्या एका टोकाला दाह वाढवणाऱ्या, जंतू मारणाऱ्या पेशी होतात, तर दुसऱ्या टोकाला दाह शमवून नवी ऊती उभारायला मदत करणाऱ्या पेशी होतात. या बदलाला ध्रुवीकरण म्हणतात. पहिल्या प्रकाराला एम-१ आणि दुसऱ्याला एम-२ म्हणण्याची पद्धत २००० साली चार्ल्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दोन जातींतील मॅक्रोफेजची तुलना करताना सुरू केली. त्याआधी १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथील सायमन गॉर्डन यांच्या गटाने दाखवले होते की इंटरल्यूकिन-४ हे प्रथिन मॅक्रोफेजला मंद करत नाही, तर वेगळ्याच पद्धतीने सक्रिय करते.

दाहाकडे ढकलणारे संकेत समजायला सोपे आहेत. जंतूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, ज्याला एंडोटॉक्सिन असेही म्हणतात, ते मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील टीएलआर-४ या ग्राहकाला, म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला, लागते. जंतू नसले तरी फुटलेल्या पेशींमधून सांडलेला ऐवज अशाच ग्राहकांना जागे करतो, त्यामुळे निर्जंतुक इजेतही दाह होतोच. त्यावर लसिका पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमाची जोड मिळाली की मॅक्रोफेज पूर्ण पेटते. ती टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही दाहकारक प्रथिने सोडते, आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून घेते आणि ऊर्जेसाठी ग्लुकोज घाईघाईने जाळू लागते. ताज्या जखमेत हे सारे आवश्यकच असते. ते झाले नाही तर जंतू आणि मेलेली ऊती तेथेच पडून राहतील.

दुरुस्तीकडे वळवणारे संकेत मात्र अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि काकांच्या पायाचे उत्तर तेथेच आहे. पाठ्यपुस्तकात या बाजूला इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही नावे पहिली येतात. ही प्रथिने पेशीच्या ग्राहकाला लागली की आत स्टॅट-६ नावाचे प्रथिन जागे होऊन केंद्रकात जाते आणि दुरुस्तीची जनुके चालू करते. इंटरल्यूकिन-१० स्टॅट-३ मार्फत दाह शमवते. परंतु साध्या त्वचेच्या जखमेत मॅक्रोफेजला कूस बदलायला लावणारा एक मोठा संकेत बाहेरून आलेल्या अशा प्रथिनातून मिळत नाही, तर तिने काय खाल्ले यातून मिळतो.

इजेनंतर पहिल्या काही तासांत जखमेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. त्या अल्पायुषी असतात आणि काम झाले की स्वतःहून शिस्तीत मरतात. मरताना त्या आपल्या पटलाच्या आतल्या बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरिन हे स्निग्ध द्रव्य बाहेरच्या बाजूला आणतात. "मला उचला" अशी ती खूण असते. मॅक्रोफेज ती खूण ओळखते आणि न्यूट्रोफिल फुटण्याआधीच तिला सबंध गिळते. गिळलेल्या पेशीतील कोलेस्टेरॉल आणि इतर घटक पचवावे लागतात. त्या पचनातूनच केंद्रकातील काही ग्राहक जागे होतात, दाहाची जनुके दबतात आणि मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा व इंटरल्यूकिन-१० ही दाह शमवणारी प्रथिने सोडू लागते. थोडक्यात, मृत पेशी उचलण्याचे काम करता करताच मॅक्रोफेजला लढाई संपल्याची वर्दी मिळते.

हेच न्यूट्रोफिल वेळेत उचलले गेले नाहीत तर काय होते, ते पाहणे महत्त्वाचे आहे. मेलेली पेशी तशीच पडून राहिली की थोड्या वेळाने तिचे पटल फुटते. आतली विकरे आणि डीएनए बाहेर सांडतात, आणि हा सांडलेला ऐवज मॅक्रोफेजच्या दाहाच्या ग्राहकांना लागतो. म्हणजे तीच मृत पेशी सबंध गिळली तर दुरुस्तीचा संकेत देते आणि फुटल्यावर भेटली तर दाहाचा. माझ्या मते या संपूर्ण विषयात लक्षात ठेवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नाही, कारण एखादी जखम का अडकते हे यातून सर्वात स्पष्टपणे दिसते.

निरोगी माणसाच्या छोट्या जखमेत हे वळण ठराविक क्रमाने येते. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिलांची गर्दी असते. साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत मॅक्रोफेजचे प्रमाण वाढते आणि त्यांतील बहुतेक दाहाच्या बाजूच्या असतात. पहिला आठवडा सरेपर्यंत पारडे दुरुस्तीकडे झुकते, नव्या केशिका फुटतात, तंतुपेशी कोलेजन विणू लागतात आणि जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार ऊती दिसू लागते. हा क्रम किती काटेकोर आहे, ते २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगातून कळते. त्यात जखमेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मॅक्रोफेज नष्ट केल्या गेल्या. सुरुवातीलाच नष्ट केल्या तेव्हा दाणेदार ऊती नीट तयारच झाली नाही. मधल्या टप्प्यात नष्ट केल्या तेव्हा नाजूक नव्या केशिका फुटून रक्तस्राव झाला आणि जखम मिटली नाही. शेवटच्या टप्प्यात नष्ट केल्या तेव्हा फारसा फरक पडला नाही. त्यामुळे "दाह वाईट, तो औषधाने मारून टाकावा" हा विचार जखमेच्या बाबतीत चुकीचा ठरतो. दाह यायला हवा आणि वेळेवर वळायलाही हवा.

मधुमेही पायाच्या जखमेत हे वळणच होत नाही, आणि त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिली की न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकण्याकडे अधिक झुकतात, म्हणजे सबंध गिळण्याजोगे शव कमी आणि सांडलेला कचरा जास्त. मधुमेही उंदरांच्या जखमांत मॅक्रोफेजची मृत पेशी गिळण्याची क्षमताही घटलेली आढळली आहे. जखमेच्या तळाशी जंतू चिकट थर करून बसतात. अशा थरातले जंतू अँटिबायोटिकला सहज दाद देत नाहीत आणि त्यांच्या आवरणातील द्रव्ये सतत झिरपत राहतात, म्हणून पू थांबला तरी संकेत थांबत नाही. शिवाय संवेदना नसलेल्या पायावर माणूस चालत राहिला तर प्रत्येक पाऊल तळव्याला ताजी इजा करते. मॅक्रोफेजच्या दृष्टीने पाहिले तर अशी जखम महिन्याची जुनी नसतेच. ती रोज सकाळी नव्याने पहिल्या दिवसावर उभी असते.

अशा जखमेतील मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा सोडत राहतात. त्यांच्या प्रभावाखाली आसपासच्या पेशी कोलेजन विरघळवणारी विकरे जास्त आणि त्यांना आवरणारी प्रथिने कमी तयार करतात. परिणामी तंतुपेशींनी विणलेले कोलेजन आणि वाढीला चालना देणारी प्रथिने तयार होता होताच तोडली जातात. काकूंना ड्रेसिंग बदलताना जे दिसत होते ते हेच होते: तळाशी लाल दाण्यांऐवजी फिकट, पिवळसर चिकट थर, आत वळलेल्या जाडसर कडा आणि रोज भिजून येणारा गॉज. अर्थात केवळ डोळ्यांनी पाहून आतल्या मॅक्रोफेज कोणत्या बाजूच्या आहेत, ते कुणालाही सांगता येत नाही. दिसतो तो परिणाम, आणि तो मोजता येतो.

काकांची जखम पहिल्या दिवशी ३ सेंटिमीटर लांब आणि २.४ सेंटिमीटर रुंद होती, म्हणजे लांबी-रुंदीच्या गुणाकाराने ७.२ चौरस सेंटिमीटर. चार आठवड्यांनी ती २.८ गुणिले २.३, म्हणजे सुमारे ६.४ चौरस सेंटिमीटर होती. घट जेमतेम ११ टक्के. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेही पायाच्या २०३ रुग्णांच्या अभ्यासात चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून किंचित अधिक घटलेल्या रुग्णांपैकी ५८ टक्के रुग्णांच्या जखमा बारा आठवड्यांत भरल्या होत्या, तर तेवढी घट न झालेल्यांपैकी केवळ ९ टक्के रुग्णांच्या भरल्या. म्हणून चार आठवड्यांनंतरचे ११ टक्के हे "हळूहळू भरते आहे" याचे लक्षण नव्हे. जखम अडकली आहे आणि उपचार बदलायला हवेत, असा त्याचा अर्थ होतो. घरी ड्रेसिंग करणाऱ्यांनी दर आठवड्याला स्वच्छ पट्टीने लांबी-रुंदी मोजून वहीत लिहावी, असे मला कळकळीने वाटते, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना न बदललेली जखमही बदलल्यासारखी भासते.

या टप्प्यावर कुणालाही साहजिकच वाटेल की दुरुस्तीचा संकेत बाहेरूनच का देऊ नये, किंवा प्रयोगशाळेत तयार केलेल्या एम-२ पेशीच जखमेत का सोडू नयेत. हा प्रयोग झालेला आहे. २०१४ मध्ये उंदरांच्या जखमांत अशा पेशी सोडण्यात आल्या तेव्हा निरोगी उंदरांच्या जखमा लवकर भरल्या नाहीत आणि मधुमेही उंदरांत तर भरणे उलट लांबले. स्टेरॉइडचे उदाहरण याहून परिचित आहे. स्टेरॉइड मॅक्रोफेजला दाह शमवणाऱ्या बाजूकडे नेते, तिच्यावर त्या बाजूच्या खुणाही उमटतात, आणि तरीही दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या जखमा उशिराच भरतात, हे प्रत्येक शल्यचिकित्सकाला ठाऊक असते. आधीचे टप्पे न ओलांडता शेवटच्या टप्प्याच्या पेशी आणून ठेवल्या तर त्यांना करण्याजोगे काम तेथे नसते.

एम-१ आणि एम-२ या नावांचीही मर्यादा येथे सांगायला हवी. प्रयोगशाळेत रक्तातील मोनोसाइट वेगळ्या करून सहा-सात दिवस वाढवतात. मग एका ताटलीत इंटरफेरॉन-गॅमा आणि एंडोटॉक्सिन, तर दुसऱ्या ताटलीत इंटरल्यूकिन-४ घालतात, बहुधा मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या आसपास. दोन दिवसांत दोन टोकांच्या पेशी मिळतात. जखमेत मात्र एकच पेशी एकाच वेळी दोन्ही प्रकारचे संकेत घेत असते. २०१४ मध्येच मानवी मॅक्रोफेजना २८ वेगवेगळे संकेत देऊन त्यांच्या जनुकांचे चित्र तपासले गेले, तेव्हा दोन कप्प्यांऐवजी अनेक दिशांना पसरलेला पट्टा दिसला. उंदीर आणि माणूस यांच्यातही मोठा फरक आहे. उंदराच्या दाहक मॅक्रोफेज आर्जिनिन या अमिनो आम्लापासून जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड बनवतात, तर दुरुस्तीच्या मॅक्रोफेज त्याच आर्जिनिनपासून ऑर्निथिन बनवतात, ज्याचा पुढे कोलेजनसाठी उपयोग होतो. हा सुबक भेद अनेक आकृत्यांत दाखवला जातो, परंतु मानवी मॅक्रोफेजमध्ये तो अशा स्पष्ट रूपात आढळत नाही. म्हणून उंदरावरील निष्कर्ष वाचताना, विशेषतः एखाद्या क्रीमच्या जाहिरातीत तो आला असेल तर, हा फरक ध्यानात ठेवावा.

हे संकेत किती सूक्ष्म प्रमाणात काम करतात, ते मला एका फसलेल्या प्रयोगाने शिकवले. आमच्या इंटरल्यूकिन-४ दिलेल्या ताटल्यांत टीएनएफ दिसू लागले, जे तेथे नसायला हवे होते. अधिक धक्कादायक म्हणजे काहीच न दिलेल्या ताटल्यांतही ते दिसत होते. जंतूंची वाढ कुठेच नव्हती आणि द्रावण काचेसारखे स्वच्छ होते. मग एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन-बी हे औषध काही ताटल्यांत घालून पाहिले, तेव्हा त्याच ताटल्यांतील टीएनएफ खाली आले आणि दोषी सापडला. द्रावण ऑटोक्लेव्ह केलेल्या काचेच्या बाटलीत ठेवलेले होते. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, पण त्यांच्या आवरणातील एंडोटॉक्सिन टिकून राहते. काचेवरून ते घालवायचे तर २५० अंश सेल्सिअसला अर्धा तास कोरडी उष्णता द्यावी लागते. नव्या बाटल्या वापरताच पेशी शांत झाल्या. एकही जिवंत जंतू नसताना केवळ त्यांच्या अवशेषांनी मॅक्रोफेज पेटतात, हे मी पुस्तकात वाचले होते, पण माझा त्यावर खरा विश्वास त्या आठवड्यात बसला.

काकांच्या पायावर पुढे झालेले उपचार याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या नव्या डॉक्टरांनी आधी पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा तपासला, कारण तोच अपुरा असेल तर मोनोसाइट आणि प्राणवायू तेथे पुरेसे पोहोचणार नाहीत आणि पुढचे सारे व्यर्थ जाईल. हाडापर्यंत संसर्ग गेलेला नाही, याचीही खात्री त्यांनी करून घेतली. रक्तपुरवठा ठीक आहे असे दिसल्यावर त्यांनी जखमेचा चिकट थर, मृत ऊती आणि जाड कडा धारदार शस्त्राने काढून टाकल्या. जंतूंचा थर दोन-तीन दिवसांत पुन्हा धरू लागतो, म्हणून हे दर आठवड्याला करावे लागले. काकूंना भीती वाटली की आहे ती जखमही मोठी केली जात आहे, आणि त्या दिवशी ती थोडी मोठी झालीही. पण त्यामुळे संकेत बदलले: जंतूंचे अवशेष आणि फुटलेल्या पेशींचा कचरा कमी झाला, आणि नव्याने आलेल्या न्यूट्रोफिलांना सबंध गिळणे मॅक्रोफेजला पुन्हा शक्य झाले. त्याच दिवशी पायाला तळव्यापासून गुडघ्याखालपर्यंत असे प्लास्टर घातले गेले की वजन तळव्याच्या त्या जागेवर न येता पसरून पायाच्या वरच्या भागावर जाईल. तलावपाळीच्या फेऱ्या बंद झाल्या. काकांना हे सर्वात जड गेले, पण रोजची ताजी इजा थांबवण्याचा दुसरा उपाय नव्हता.

या उपचारांच्या चार आठवड्यांनंतर माप १.८ गुणिले १.५, म्हणजे २.७ चौरस सेंटिमीटर आले. आधीच्या ६.४ च्या तुलनेत घट सुमारे ५८ टक्के होती आणि तळाशी प्रथमच गर्द लाल, दाणेदार ऊती दिसली. कुणीही जखमेत इंटरल्यूकिन-४ घातले नव्हते. दाहाकडे ढकलणारे संकेत एकेक करून काढून घेतल्यावर वळणे मॅक्रोफेजने स्वतःच केले.

जखम त्यानंतर सात आठवड्यांनी मिटली. तरीही काकूंना एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. मधुमेही उंदरांतील अभ्यासांत असे दिसले आहे की दीर्घकाळच्या जास्त साखरेच्या खुणा अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशींच्या डीएनएभोवतीच्या प्रथिनांवर उमटतात, आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या मॅक्रोफेज जखमेत पोहोचण्याआधीच दाहाकडे झुकलेल्या असतात. रक्तातील साखर एका आठवड्यात उतरवता येते, पण या खुणा तितक्या लवकर पुसल्या जात नाहीत. काकूंनी आता पलंगाशेजारी एक हातआरसा ठेवला आहे, आणि रात्री दिवा मालवण्याआधी काका त्यात दोन्ही तळवे पाहतात.